सात पानांचं एक कार्ड कसं होतं: फायनल इयरच्या ताईचं ज्युनिअरला पत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रिय ज्युनिअर,

फार्माकॉलॉजीच्या नोट्स उजळणीच्या दर फेरीला लहान कशा करत गेले, असं तू विचारलंस. सेकंड एमबीबीएसला आलेल्या प्रत्येकीचे प्रश्न साधारण हेच असतात, म्हणून उत्तरं प्रश्नांखालीच लिहिते. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे, टीबीची पहिल्या फळीतली औषधं: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल, थोडक्यात याच क्रमानं एच, आर, झेड आणि ई. प्रश्न लांब येतो, छोटा येतो, व्हायव्हात येतो, आणि चारही औषधांची माहिती एकमेकांत मिसळते. नोट्स आटवण्याची रीत समजून घ्यायला याहून चांगला टॉपिक नाही.

शेवटच्या फेरीच्या कार्डांचे फोटोच पाठव ना, मधल्या फेऱ्या कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर नाही असंच आहे. कार्डावर टॉपिक नसतो. ज्या व्यक्तीनं ते लिहिलं, तिच्या डोक्यातून जे निसटत होतं तेवढंच त्यावर असतं. समज, टीबीच्या कार्डावर "झेड: आम्ल. ई: दृष्टी, किडनी. पायरिडॉक्सिन १०" एवढंच आहे. आयसोनियाझिड काम कसं करतं हे तिथे नाही, कारण लिहिणारीला ते पाठ होतं. तुला ते येत नसेल, तर इथे काहीतरी गाळलं आहे हे कार्ड तुला सांगणार नाही. तू चार ओळी पाठ करशील आणि टॉपिक झाला असं समजशील.

दुसरं कारण औषधांचंच आहे. भारतात पूर्वी टीबीची औषधं आठवड्यातून तीन वेळा दिली जायची. २०१७ पासून देशभर रोजची मात्रा सुरू झाली. हॉस्टेलमध्ये झेरॉक्सवर झेरॉक्स होत फिरणाऱ्या नोट्समध्ये जुनी पद्धत अजून सापडते. पूर्ण नोट्समध्ये निदान संदर्भावरून शंका येते. कार्डावरचा एकटा आकडा मात्र जुना आहे की नवा हे ओळखताच येत नाही.

नोट्स लहान करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं? महत्त्वाच्या ओळी निवडून उतरवायच्या?

नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. जुनं पान समोर ठेवून त्यातलं महत्त्वाचं नव्या पानावर उतरवलं, तर ते सुवाच्य नक्कल करण्याचं काम होतं. सगळं ओळखीचं वाटतं, हात चालत राहतो, आणि तासाभरानं दोन सुंदर पानं तयार होतात. त्यातलं किती आठवेल हे मात्र तपासलंच गेलेलं नसतं.

इथे आधी जुनं पान बंद करायचं. कोऱ्या फुलस्केपवर आठवेल ते लिहायचं. मग जुनं पान उघडून ताडायचं आणि जे आलं नाही किंवा चुकीचं आलं, ते नव्या पानावर घ्यायचं. म्हणजे नवं पान विसरण्यातून तयार होतं. काय महत्त्वाचं हे ठरवायचा भार तुझ्यावर राहत नाही, स्मरणशक्तीच ते दाखवून देते.

यामागे साधा अभ्यास आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर जे समाधान वाटतं ते त्या पाच मिनिटांचं असतं. परीक्षा आठवड्यानंतर किंवा महिन्यानंतर असते.

पहिल्या फेरीत किती लिहावं?

टीबीच्या औषधांना सहा ते सात फुलस्केप पानं, एका बाजूनं. ही फेरी लेक्चरनंतर दोन दिवसांच्या आत, पुस्तक समोर ठेवून करायची. इथे कंजुषी नको. वाक्यं पूर्ण लिही आणि "कारण" हा शब्द भरपूर येऊ दे. डाव्या समासात बोटभर जागा मोकळी सोड, कारण पुढच्या सगळ्या फेऱ्यांच्या खुणा तिथेच होणार आहेत. पानांवर क्रमांक घाल.

पहिल्या फेरीतला आयसोनियाझिडचा परिच्छेद असा असावा:

"आयसोनियाझिड हे प्रोड्रग आहे. जिवाणूतलं कॅटालेज-पेरॉक्सिडेज एन्झाइम त्याला सक्रिय करतं. सक्रिय रूप मायकोलिक आम्ल बनू देत नाही. मायकोलिक आम्ल मायकोबॅक्टेरियाच्या भित्तिकेचा मुख्य भाग आहे, म्हणून हे औषध इतर जिवाणूंवर चालत नाही. कॅटालेजच्या जनुकात बदल झाला तर औषध सक्रियच होत नाही आणि प्रतिकार तयार होतो. यकृतात त्याचं असेटिलेशन होतं. ज्यांच्यात ते हळू होतं त्यांच्यात औषध जास्त वेळ राहतं, म्हणून त्यांना न्यूरोपथी जास्त होते. औषधामुळे शरीरातलं पायरिडॉक्सिन कमी पडतं, म्हणून प्रतिबंधासाठी रोज १० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, आणि न्यूरोपथी झालीच तर १०० मिलिग्रॅम."

यात तीन वेळा "म्हणून" आहे. हेच सांधे पुढे माहिती धरून ठेवतात. पहिल्याच फेरीत नुसते बाण आणि तुटक शब्द लिहिले, तर पुढे आटवायला काही उरत नाही.

दुसरी फेरी कधी करायची आणि सातची दोन पानं कशी होतात?

आठ ते दहा दिवसांनी. दुसऱ्याच दिवशी केलीस तर जवळजवळ सगळं आठवेल आणि गाळायला काय घ्यावं ते कळणार नाही. थोडं विसरायला वेळ द्यावाच लागतो.

पहिल्या फेरीची पानं पिशवीत ठेव. कोरा कागद घे, वर फक्त चार औषधांची नावं लिही आणि वीस मिनिटं आठवून लिही. अडलीस तर लगेच पान उघडू नकोस. रिकामी जागा सोडून पुढे जा. पुढच्या औषधाबद्दल लिहिताना मागचं अचानक आठवतं, असं खूपदा होतं.

मग जुनी पानं उघड आणि त्यांच्या समासात लाल पेनानं तीन प्रकारच्या खुणा कर. बरोबर आलं तिथे टिक. चुकीचं आलं तिथे गोल. आलंच नाही तिथे आडवी रेघ. वरच्या परिच्छेदात समज असं झालं: मायकोलिक आम्ल आलं, पायरिडॉक्सिन आलं. प्रतिकाराचं कारण आलं नाही. असेटिलेशन आलं, पण उलटं: जलद असेटिलेशनवाल्यांना न्यूरोपथी होते असं लिहिलं गेलं.

नव्या पानावर या तिघांना वेगवेगळी जागा मिळते. टिक झालेलं एकेका शब्दात येतं: "मायकोलिक, पायरिडॉक्सिन". रेघ असलेलं पूर्ण वाक्यात येतं. गोल असलेलं कारणासकट येतं आणि शेजारी चुकीची बाजूही नोंदवायची: "असेटिलेशन हळू, औषध जास्त वेळ शरीरात, न्यूरोपथी जास्त. (उलटं लिहिलं होतं.)" कंसातला शेवटचा भाग गाळू नकोस. एकदा उलटं आलेलं पुन्हा उलटंच यायची शक्यता मोठी असते, आणि तो इशारा फक्त तुझ्याच कागदावर असू शकतो.

नव्या पानावर प्रत्येक ओळीशेजारी जुन्या पानाचा क्रमांक घाल. "पान २" एवढं पुरे. पुढे एखादा शब्द कळेनासा झाला की पुस्तक न शोधता थेट तिथे जाता येतं.

एकदा बरोबर आलेलं लगेच काढून टाकलं तर?

एका टिकवर काढू नको. सलग दोन फेऱ्यांत बरोबर आलं, तरच कागदावरून जाऊ दे.

पहिल्या वेळी बरंचसं क्रमामुळे आठवतं. आयसोनियाझिडनंतर रिफॅम्पिसिन, त्याखाली लघवीचा रंग, त्याखाली एन्झाइम इंडक्शन, अशी पानावरची रांग डोळ्यांसमोर येते. व्हायव्हात मात्र प्रश्न रांगेत येत नाहीत. "ओरल कॉन्ट्रासेप्टिव्ह घेणाऱ्या बाईला टीबी झाला तर?" असा प्रश्न आडवा येतो. उत्तर रिफॅम्पिसिनच्या एन्झाइम इंडक्शनमध्ये आहे. पण रांगेतून आठवणारीला तिथे पोचायला वेळ लागतो. म्हणून तिसऱ्या फेरीत औषधाच्या नावानं सुरुवात न करता शेवटापासून कर. आधी दुष्परिणाम लिही आणि त्यावरून औषध ओळख.

तिसऱ्या फेरीत अर्धं पान कसं पुरतं?

इथे औषधवार मांडणी मोडायची. ही फेरी दुसरीनंतर महिन्याभरानं येते, आणि तोवर चार औषधांचं एकेकटं बरंच पक्कं झालेलं असतं. घोळ उरतो तो त्यांच्या आपापसातल्या फरकांचा, म्हणून कागदावर फक्त फरक ठेवायचे.

उदाहरणार्थ, यकृताचा प्रश्न. दुसऱ्या फेरीच्या पानावर "हेपॅटायटिस" हा शब्द तीन औषधांखाली तीन वेळा येतो. तिसऱ्या फेरीत एक ओळ पुरते: "चारपैकी एथॅम्ब्युटॉल सोडून सगळी यकृताला." अपवाद लक्षात ठेवला की नियम आपोआप राहतो. तसंच, "चारपैकी फक्त एथॅम्ब्युटॉल बॅक्टेरिओस्टॅटिक." एथॅम्ब्युटॉल मोठ्या प्रमाणात किडनीतून बाहेर पडतं, म्हणून किडनी बिघडलेली असेल तर मात्रा बघावी लागते आणि नजरेवर लक्ष ठेवावं लागतं. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की एथॅम्ब्युटॉलचा अर्धा अभ्यास झाला.

दोन ओळींमधून तिसरी आपोआप निघत असेल, तर ती तिसरी लिहू नकोस. पायराझिनामाइड आम्लधर्मी वातावरणात काम करतं, आणि मॅक्रोफेजच्या आतले जिवाणू तशाच वातावरणात असतात. एवढं ठेवलंस की ते सुरुवातीच्या दोन महिन्यांतच का देतात, हे निघतं: दाह जास्त असतो तेव्हा तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं आणि औषधाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. वेगळी ओळ नको.

पण जे निघत नाही ते ठेवायलाच हवं. भारतातला उपचारक्रम

```
2HRZE + 4HRE
```

असा आहे, आकडे महिन्यांचे. दुसऱ्या टप्प्यात एथॅम्ब्युटॉल का, याचं उत्तर औषधाच्या कामात नाही. आयसोनियाझिडला दाद न देणारे जिवाणू आपल्याकडे बरेच आढळतात, हे त्याचं कारण. परदेशी पुस्तकांत बऱ्याचदा 4HR दिसतं. या ओळीशेजारी "भारत" एवढा शब्द हवाच, नाहीतर पुस्तक चाळताना मनात शंका येते आणि बरोबर उत्तर खोडलं जातं.

डोसचे आकडे कुठे ठेवायचे?

मजकुरात नको. आकडे कारणांवरून निघत नाहीत, म्हणून ते प्रत्येक फेरीत जसेच्या तसे पुढे न्यायचे आणि पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, दर वेळी त्याच जागी, चौकटीत लिहायचे. रोजच्या उपचारात दर किलो वजनाला मिलिग्रॅममध्ये आयसोनियाझिड ५, रिफॅम्पिसिन १०, एथॅम्ब्युटॉल १५, पायराझिनामाइड २५. चढत्या क्रमानं लिहिले की डोक्यात बसतात, पण एचआरझेडई या नेहमीच्या क्रमाशी तो क्रम जुळत नाही. नेमके शेवटचे दोन उलटतात. चौकटीत प्रत्येक आकड्यासमोर औषधाचं पूर्ण नाव लिही.

छोटं करताना चूक शिरली तर ती कळणार कशी?

चूक शिरते, आणि ती जवळजवळ नेहमी एकाच जागी शिरते: दोन औषधांसाठी एकच खुणेचा शब्द वापरला जातो तिथे.

टीबीच्या कार्डावर तो शब्द म्हणजे "रंग". रिफॅम्पिसिननं लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी-लाल होतात. एथॅम्ब्युटॉलनं दृष्टिनाडीला सूज येते आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. दुसऱ्या फेरीत पहिल्याखाली "लघवीचा रंग" आणि दुसऱ्याखाली "रंग ओळखणं" असतं. चौथ्या फेरीत दोन्हीकडे नुसतं "रंग" उरतं. लिहिताना अर्थ इतका स्पष्ट असतो की शंका येत नाही. तीन आठवड्यांनी व्हायव्हाला बसलीस की एथॅम्ब्युटॉलसमोरचा "रंग" लघवीचा वाटायला लागतो. हा फरक वॉर्डमध्येही महत्त्वाचा आहे. नारिंगी लघवी निरुपद्रवी असते, पेशंटला आधीच सांगून ठेवलं की झालं. नजर धूसर झाली तर एथॅम्ब्युटॉल थांबवून डोळे तपासावे लागतात.

म्हणून प्रत्येक फेरी संपली की नवं पान एकदा फक्त शब्दांसाठी वाच. एकच शब्द दोन ठिकाणी दिसला तर एक बदल. "लघवी" आणि "डोळा" लिहिलं की प्रश्नच मिटला. याला दोन मिनिटं लागतात. आणखी एक तपासणी म्हणजे पान मैत्रिणीला दे आणि तिला त्यावरून प्रश्न विचारू दे. जिथे ती "याचा अर्थ काय?" म्हणेल, तिथे तूही महिन्यानं हेच म्हणणार आहेस.

निमॉनिक वापरावं का?

यादीसाठी वापर, कारणासाठी नको. आणि दुसऱ्या फेरीच्या आधी मुळीच नको. आधीच वापरलंस तर अक्षरं आठवतात आणि अक्षरामागचं विसरायला होतं.

चौथ्या आणि पाचव्या फेरीत काय उरतं?

चौथी फेरी प्रिलिमच्या आधीची. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डोसची चौकट, उपचारक्रम, आणि अजूनही चुकणाऱ्या चार-पाच ओळी. त्याहून जास्त ओळी उरल्या तर टॉपिक कार्डासाठी तयार नाही असं समज. तो पुन्हा दुसऱ्या फेरीसारखा कर. अक्षर बारीक करून जागेत बसवू नकोस. बारीक अक्षरातलं कार्ड म्हणजे तेच अर्धं पान, फक्त वाचायला त्रासदायक.

पाचवी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळची. एका फुलस्केपवर सगळे टॉपिक, प्रत्येकाला एकच ओळ. टीबीची ओळ "असेटिलेशन हळू, ई किडनी, 4HRE भारत" अशी असू शकते. तुझी वेगळी असेल, आणि ती वेगळी असायलाच हवी.

या सगळ्याला वेळ किती जातो?

या एका टॉपिकला पहिल्या फेरीत अंदाजे तीन तास, दुसऱ्या फेरीत सव्वा तास, तिसऱ्या फेरीत अर्धा-पाऊण तास, चौथ्या फेरीत पंधरा मिनिटं, शेवटी दोन मिनिटं. दुसऱ्या फेरीतला सव्वा तास सगळ्यांना जड जातो, कारण त्यातली पहिली वीस मिनिटं कोऱ्या कागदासमोर बसायचं असतं. तीच वाचवली तर बाकीच्या फेऱ्यांचा उपयोग फार कमी होतो.

वेळ कमी असेल तर कुठली फेरी सोडायची?

चौथी. दोनच फेऱ्या शक्य असतील तर दुसरी आणि तिसरी कर, आणि पहिल्या फेरीच्या जागी पुस्तकातल्याच समासात पेन्सिलनं खुणा कर. सगळ्या टॉपिकांना पाच फेऱ्या लागतही नाहीत. क्वचित विचारला जाणारा छोटा टॉपिक दुसऱ्या फेरीवरच थांबला तर काही बिघडत नाही.

टॅबवर केलं तर चालतं का?

चालतं, पण कॉपी-पेस्ट बंद ठेव. जुना मजकूर उचलून नव्या पानावर टाकता आला की कोऱ्या कागदाची पायरी कधी गळून पडते ते कळतही नाही. कागदावर हात दुखतो, म्हणून माणूस आपसूक कमी लिहितं. इथे त्याचा फायदाच होतो.

पेपरात कार्डावरून पुन्हा लांब उत्तर कसं लिहायचं?

ज्या रस्त्यानं आटवलं त्याच रस्त्यानं उलटं जायचं. लांब प्रश्न आला की उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं चार औषधं आणि डोसची चौकट उतरव. मग प्रत्येक औषधाला स्वतःलाच तीन प्रश्न विचार: कुठे काम करतं, प्रतिकार कसा येतो, पेशंटला काय होतं. पहिल्या फेरीतले "म्हणून" इथे परत येतात, आणि एका शब्दाची चार वाक्यं होतात. तिसऱ्या फेरीतल्या फरकांचा छोटा तक्ता शेवटी दे. परीक्षकाला तो पटकन दिसतो.

याचा सराव आधी करायला हवा. प्रिलिमच्या आधी निदान तीन टॉपिक कार्डावरून पूर्ण उत्तरापर्यंत घड्याळ लावून लिहून बघ. ज्या शब्दावर पेन थांबलं, तो शब्द गरजेपेक्षा जास्त आटला असं समज आणि चौथ्या फेरीच्या कार्डावर त्याचं पुन्हा पूर्ण वाक्य कर.

परीक्षा झाल्यावर कुठली पानं जपून ठेवायची?

दुसऱ्या फेरीची. टीबी तुला कम्युनिटी मेडिसिनला, मेडिसिनला आणि पेडियाट्रिक्सला पुन्हा भेटणार आहे. तोवर कार्डावरच्या एकेका शब्दाचा अर्थ उडालेला असेल, आणि पहिल्या फेरीची सात पानं पोस्टिंगच्या दिवसांत वाचून होणार नाहीत. दुसऱ्या फेरीच्या पानांवर कारणंही असतात आणि कुठे चुकतेस त्याच्या नोंदीही. ती फाइलला लाव. उपचारक्रमाच्या ओळीशेजारी तू ती कुठल्या वर्षी लिहिलीस ते घाल, म्हणजे फायनलला आल्यावर पहिल्यांदा काय तपासायचं हे कळेल.

तुझी,
ताई